दारू, जठराचे अस्तर आणि सकाळची मळमळ

रोज संध्याकाळी दारू पिणाऱ्या माणसाला सकाळी उठल्याउठल्या मळमळणे, दात घासताना उमासे येणे, पोटात काही नसताना पिवळे कडू पाणी पडणे आणि पहिला चहाही न टिकणे, ही दारूमुळे होणाऱ्या जठरदाहाची नेहमी आढळणारी लक्षणे आहेत. दवाखान्यात याला गॅस्ट्रायटिस म्हणतात. घरी मात्र बहुतेक वेळा ‘पित्त झाले’ एवढेच म्हटले जाते. मेडिकलमधून गॅसची गोळी आणली जाते, दुपारपर्यंत बरे वाटते आणि संध्याकाळी पुन्हा बाटली उघडते. हे चक्र वर्षानुवर्षे चालू राहू शकते, कारण त्रास सकाळी होतो आणि त्याचे कारण आदल्या रात्री घडलेले असते. मधे झोपेचे सात-आठ तास गेल्यामुळे दोन्हींचा संबंध माणसाच्या लक्षात येत नाही, किंवा आला तरी तो मनावर घेतला जात नाही.

या आजारात दुखावते ते जठराच्या आतले अस्तर. हे अस्तर शरीरातील सर्वांत वेगाने नवे होणाऱ्या ऊतींपैकी एक आहे. त्यामुळे दारू थांबली तर बहुतेकांचे जठर आश्चर्य वाटावे इतक्या लवकर सावरते. दारू चालू राहिली तर मात्र कोणतीही गोळी त्याला पूर्ण बरे करू शकत नाही.

जठर स्वतःला कसे वाचवते

जठरात तयार होणारे हायड्रोक्लोरिक आम्ल इतके तीव्र असते की त्याचा सामू १ ते २ च्या आसपास राहतो. या आम्लात मांस विरघळू लागते, पण जठराची स्वतःची भिंत विरघळत नाही, कारण तिच्या संरक्षणासाठी एकावर एक अशा तीन व्यवस्था आहेत. सर्वांत वर बुळबुळीत श्लेष्म्याचा पातळ थर असतो. त्याची जाडी मिलिमीटरचा जेमतेम एक अंश भरते. या थरात अस्तरातील पेशी बायकार्बोनेट सोडतात. त्यामुळे वरच्या बाजूला तीव्र आम्ल असले तरी पेशींना प्रत्यक्ष टेकलेला भाग जवळजवळ पाण्याइतका सौम्य राहतो. त्याखाली पृष्ठपेशींची एकेरी रांग असते. या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात की त्यांच्यामधून आम्ल आत शिरू शकत नाही. तिसरी व्यवस्था रक्ताची आहे. पेशींच्या खालून सतत वाहणारे रक्त चुकून आत आलेले आम्ल धुऊन नेते आणि बायकार्बोनेट व प्राणवायू पुरवते.

या तिन्ही व्यवस्थांवर प्रोस्टाग्लँडिन नावाच्या रसायनांचे नियंत्रण असते. श्लेष्मा किती सुटावा, बायकार्बोनेट किती तयार व्हावे आणि रक्तपुरवठा किती राहावा, हे ती ठरवतात. वेदनाशामक गोळ्यांचा जठराला त्रास का होतो याचे उत्तरही इथेच आहे. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक ही औषधे वेदना थांबवताना प्रोस्टाग्लँडिनची निर्मितीच रोखतात.

दारू नेमके काय करते

अल्कोहोल पाण्यात मिसळते आणि स्निग्ध पदार्थही विरघळवते. त्यामुळे ते श्लेष्म्याच्या थरातून सहज पार होते आणि पृष्ठपेशींच्या आवरणाला इजा करते. प्रयोगांत असे दिसले आहे की साधारण १० टक्के आणि त्याहून अधिक तीव्रतेचे अल्कोहोल जठराचे संरक्षक कवच भेदू लागते. पेशींमधले घट्ट सांधे सैल होतात आणि ज्या आम्लाला आत यायला जागा नव्हती ते आता भिंतीत झिरपू लागते. त्याच वेळी अस्तराखालच्या बारीक रक्तवाहिन्यांतून रक्त पुढे सरकेनासे होते. त्या फुगतात, त्यांतून द्रव पाझरतो, काही फुटतात. जोरदार मद्यपानानंतर अर्ध्या ते एका तासात अस्तरावर रक्ताचे बारीक ठिपके आणि वरवरचे ओरखडे दिसू शकतात.

दुर्बिणीतून पाहिले तर निरोगी अस्तर फिकट गुलाबी आणि चकचकीत असते. दारूने दुखावलेल्या अस्तरावर लालभडक पट्टे दिसतात, घड्या सुजलेल्या असतात आणि अस्तराच्या आतल्या बाजूला रक्त साकळून लाल डाग पडलेले असतात. वरवरचे ओरखडे अस्तरापुरतेच मर्यादित असतात. इजा त्याखालच्या स्नायूंच्या पातळ पडद्याच्याही पलीकडे गेली तर तो व्रण, म्हणजेच अल्सर. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण भरून येण्याचा काळ त्यावर ठरतो.

कोणती दारू घेतली जाते यानेही थोडा फरक पडतो. व्हिस्की, रम, ब्रँडी किंवा देशी दारू ही तीव्र असल्यामुळे अस्तराला थेट पोळते. बिअर आणि वाइन कमी तीव्र असतात, पण आंबवून तयार होणारी ही पेये जठरातील आम्ल वाढवतात. म्हणून ‘आता फक्त बिअरच घेतो’ हा उपाय जठराच्या दृष्टीने उपाय ठरत नाही. पाणी किंवा सोडा जास्त घातल्याने तीव्रता उतरते हे खरे, परंतु पोटात जाणारे एकूण अल्कोहोल तेवढेच राहते.

१८३३ मधली एक नोंद

दारू पिणाऱ्या जिवंत माणसाचे जठर डोळ्यांनी पाहण्याची संधी दुर्बीण येण्याच्या कितीतरी आधी एका डॉक्टरला मिळाली होती. १८२२ मध्ये अमेरिकेतील मॅकिनॅक बेटावर अ‍ॅलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या तरुणाला अगदी जवळून बंदुकीचा बार लागला. लष्करातील शल्यचिकित्सक विल्यम ब्यूमाँट यांनी त्याला वाचवले, पण जखम भरताना पोटाच्या भिंतीत एक भोक कायमचे राहून गेले. त्यातून जठराच्या आत पाहता येई आणि पाचकरसही काढता येई. ब्यूमाँट यांनी अनेक वर्षे निरीक्षणे करून १८३३ मध्ये ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. पचनाच्या अभ्यासात हे पुस्तक पायाभूत मानले जाते.

त्याच वर्षीच्या जुलै-ऑगस्टमधील नोंदी या विषयाच्या दृष्टीने मोलाच्या आहेत. सेंट मार्टिन आठ-दहा दिवस भरपूर दारू पीत होता. ब्यूमाँट यांना जठराचे अस्तर लाल झालेले आणि त्यावर पांढुरके चट्टे पडलेले दिसले. पुढच्या काही दिवसांत लाली वाढली आणि काही डागांतून रक्त पाझरताना दिसले. सुरुवातीला मात्र सेंट मार्टिनची काहीच तक्रार नव्हती. पोट दुखत नव्हते, भूक चांगली होती, आपण ठीक आहोत असेच तो सांगत होता. अस्तराची अवस्था बरीच बिघडल्यावर त्याला पोटाच्या वरच्या भागात अस्वस्थता आणि दुखरेपणा जाणवू लागला. त्यानंतर थोड्याच दिवसांत अस्तर पुन्हा स्वच्छ आणि निरोगी दिसू लागल्याची नोंद आहे.

या नोंदींतून कळणाऱ्या दोन गोष्टी आजही तितक्याच खऱ्या आहेत. इजा आणि त्रास यांचे प्रमाण सारखे नसते. अस्तर बरेच बिघडलेले असूनही माणसाला काही जाणवत नाही, आणि थोड्याशा सुजेनेही एखाद्याला उलट्या सुरू होतात. म्हणून त्रास नाही याचा अर्थ जठर ठीक आहे असा होत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे संधी मिळाली की अस्तर लवकर सुधारते.

मळमळ सकाळीच का

रात्रीच्या मद्यपानाचा त्रास सकाळी होण्यामागे दोन वेगवेगळी कारणे असतात आणि बऱ्याच जणांमध्ये ती एकत्र काम करतात.

पहिले कारण जठरातच असते. आम्ल तयार होण्याचा वेग रात्री उशिरा, मध्यरात्रीच्या सुमारास वाढतो. त्या वेळी पोटात आम्ल शोषून घेणारे अन्न फारसे नसते, कारण पिणारे अनेक जण चकण्यावर भागवून जेवण टाळतात. कवच आधीच भेदलेले असल्याने हे आम्ल सुजलेल्या अस्तराला रात्रभर चुरचुरत राहते. तीव्र दारूमुळे जठराची हालचालही मंदावते आणि जे काही खाल्ले ते पुढे सरकायला वेळ लागतो. सुजलेल्या भिंतीतून निघणारे संदेश व्हेगस नसेमार्फत मेंदूच्या तळाशी असलेल्या उलटीच्या केंद्रापर्यंत सतत जात राहतात. ते केंद्र आधीच चाळवलेले असल्याने ब्रश जिभेच्या मागच्या भागाला लागला की लगेच उमासा येतो. पोट रिकामे असताना उमासे येत राहिले की लहान आतड्यातील पित्तरस उलटा वर येतो. ते पिवळे कडू पाणी पाहून ‘पित्त पडले, आता बरे वाटेल’ असे समजले जाते. प्रत्यक्षात पित्त हे तिथे उमाशांमुळे आलेले असते, त्यामुळे ते बाहेर पडल्याने मूळ सूज तसूभरही कमी होत नाही.

दुसरे कारण मेंदूत असते. रोज भरपूर पिणाऱ्याच्या मेंदूला दारूची सवय लागलेली असते. रक्तातील अल्कोहोल उतरू लागले की मज्जासंस्था अतिउत्तेजित होते. हात थरथरतात, घाम फुटतो, नाडी जलद चालते, बेचैनी वाटते आणि मळमळ व कोरडे उमासेही येतात. याला विथड्रॉवल म्हणतात. या अवस्थेत सकाळी थोडी दारू घेतली की अर्ध्या तासात हात स्थिर होतात आणि मळमळ थांबते. हाच ‘उतारा’. उतारा घेऊन बरे वाटणे ही फार स्पष्ट खूण आहे, कारण निव्वळ जठरदाह असेल तर रिकाम्या पोटी घेतलेल्या दारूने जळजळ वाढायला हवी. दारूने सकाळची मळमळ थांबत असेल तर त्या माणसाच्या शरीराला दारूचे व्यसन जडले आहे असे समजावे. त्याने ती कशी सोडायची याची पद्धतही वेगळी असते.

एका क्वार्टरचा हिशेब

एक नेहमीचे चित्र पाहू. बेचाळीस वर्षांचा एक पुरुष सहा-सात वर्षांपासून रोज रात्री आठ ते दहाच्या दरम्यान एक क्वार्टर व्हिस्की घेतो. भारतात मिळणाऱ्या व्हिस्कीत साधारण ४२.८ टक्के अल्कोहोल असते. क्वार्टर म्हणजे १८० मिलिलिटर, त्यात शुद्ध अल्कोहोल सुमारे ७७ मिलिलिटर, वजनाने जवळपास ६० ग्रॅम. यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम अल्कोहोल निकामी करते. म्हणजे आठ वाजता सुरू झालेली दारू रक्तातून पूर्ण जायला पहाटेचे तीन-चार किंवा त्याहून उशीर होतो. सहा वाजता हा माणूस उठतो तेव्हा जठर रिकामे, आम्ल भरपूर, अस्तर सुजलेले आणि रक्तातील दारू नुकतीच संपलेली असते. मळमळीची दोन्ही कारणे बरोबर याच वेळेला जुळून येतात.

त्याची सकाळ ठरलेली आहे. दात घासताना उमासे, मग घशात बोटे घालून उलटी, डोके दुखते म्हणून आयब्युप्रोफेन असलेली गोळी आणि वर गॅसची गोळी. या क्रमातील दोन गोष्टी जठराला आणखी दुखावतात. वेदनाशामक गोळी उरलेसुरले प्रोस्टाग्लँडिन कमी करते आणि दारू व ही गोळी एकत्र आली की रक्तस्रावाचा धोका वाढतो. घशात बोटे घालून जोराने ओकल्याने अन्ननलिका आणि जठर यांच्या सांध्यावर अस्तर फाटू शकते. १९२९ मध्ये केनेथ मॅलरी आणि सोमा वाइस या बॉस्टनमधील डॉक्टरांनी दारू पिणाऱ्या रुग्णांमध्ये असे चिरे पडून लालभडक रक्ताची उलटी झाल्याचे नोंदवले. ती इजा आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते.

हा माणूस डॉक्टरकडे गेला की पहिले प्रश्न पोटाबद्दल कमी आणि दारूबद्दल जास्त असतात. रोज किती, कधीपासून, सकाळी हात थरथरतात का, उतारा लागतो का, पूर्वी दारू थांबवल्यावर कधी फिट आली होती का. पोट तपासताना बरगड्यांच्या मधोमध, खाली दाबल्यावर दुखते. रक्ताच्या तपासणीत हिमोग्लोबिन, यकृताची कार्यक्षमता आणि लायपेज पाहतात. लायपेज वाढलेले असेल आणि दुखणे पाठीत जात असेल तर शंका जठराची नसून स्वादुपिंडाच्या सुजेची येते. धोक्याची लक्षणे असतील किंवा उपचारांनी उतार पडला नाही तर दुर्बिणीतून तपासणी करतात.

दारू थांबवायची, पण कशी

ज्याला सकाळी थरथर होत नाही आणि उताऱ्याची गरज लागत नाही, तो बहुधा घरीच दारू बंद करू शकतो. ज्याला ही लक्षणे आहेत त्याने एकट्याने, एका झटक्यात बंद करणे धोक्याचे आहे. शेवटच्या घोटानंतर ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांच्या आत काही जणांना भ्रम होतो, नसलेली माणसे किंवा किडे दिसू लागतात, ताप चढतो आणि नाडी अतिशय जलद होते. या अवस्थेवर रुग्णालयात उपचार झाले नाहीत तर जीव जाऊ शकतो.

म्हणून अशा माणसाची दारू डॉक्टरांच्या देखरेखीखाली थांबवतात. क्लोरडायझेपॉक्साइड किंवा यकृत बिघडलेले असेल तर लोराझेपाम यांसारखी औषधे देऊन मज्जासंस्था शांत ठेवतात आणि पाच ते सात दिवसांत त्यांचे प्रमाण उतरवत बंद करतात. त्याबरोबर थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, भरपूर दिले जाते. सततच्या उलट्या आणि अपुरे जेवण यांमुळे त्याचा साठा संपलेला असतो. ते न देता नुसते ग्लुकोजचे सलाईन चढवले तर मेंदूला कायमची इजा होण्याचा धोका असतो. या औषधांची मात्रा तपासून ठरवावी लागते, म्हणून ती दुकानातून आणून घरी घेऊ नयेत.

सोडल्यानंतर ती सुटलेली राहावी यासाठी वेगळी मदत लागते. पुण्यात १९८६ पासून चालणारे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र, गावोगावच्या अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या सभा, जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभाग आणि केंद्र सरकारची १४४४६ ही व्यसनमुक्ती हेल्पलाइन अशी ठिकाणे त्यासाठी उपलब्ध आहेत.

अस्तर कसे भरून येते

जठराची दुरुस्ती तीन टप्प्यांत होते आणि पहिला टप्पा काही मिनिटांतच सुरू होतो. इजा झालेल्या पेशी गळून पडल्या की कडेच्या निरोगी पेशी चपट्या होतात, हातपाय पसरल्यासारख्या सरकत येतात आणि उघडी पडलेली जागा झाकून टाकतात. गळालेल्या पेशी, श्लेष्मा आणि रक्तातील फायब्रिन यांची साय या जागेवर तात्पुरती धरते. तिच्या आडोशाने हे सरकणे चालते. वरवरची इजा काही तासांत अशी झाकली जाते. यात नव्या पेशी तयार होत नाहीत, असलेल्याच जागा बदलतात.

दुसरा टप्पा नव्या पेशींचा. जठराच्या अस्तरात असंख्य बारीक खळगे असतात आणि प्रत्येकाच्या मानेपाशी मूळ पेशींची जागा असते. तिथे पेशी विभागत राहतात आणि नव्या पेशी वर सरकत पृष्ठभागावर येतात. निरोगी जठरातही पृष्ठपेशींची रांग साधारण तीन ते सहा दिवसांत पूर्ण बदलते. इजेनंतर हा वेग वाढतो. म्हणूनच दारू थांबवल्यावर पहिल्या आठवड्यात बहुतेकांची सकाळची मळमळ बरीच कमी होते. विथड्रॉवलचा भागही याच पाच-सात दिवसांत ओसरतो.

तिसरा टप्पा खोलवरच्या भागाचा. तिथली सूज उतरणे, रक्तवाहिन्या पूर्ववत होणे, ग्रंथींची रचना पुन्हा बसणे यांना आठवडे लागतात. वरवरचे ओरखडे काही दिवसांत ते दोन आठवड्यांत भरतात. खरा व्रण असेल तर त्याच्या तळाशी आधी नव्या रक्तवाहिन्यांची कोवळी ऊती तयार व्हावी लागते, मग कडेने अस्तर आत सरकते. याला औषधांसह साधारण आठ आठवडे धरावे लागतात.

वर उल्लेख केलेल्या माणसाचा प्रवास बहुधा असा होतो. पहिले तीन-चार दिवस सर्वांत अवघड जातात, मळमळ आणि बेचैनी कधी वाढल्यासारखीही वाटते. पाचव्या-सहाव्या दिवशी सकाळचा चहा आणि पोळी टिकू लागते. दुसऱ्या आठवड्यात जळजळ कमी होऊन भूक परतते. चार ते सहा आठवड्यांनी बहुतेकांना पोटाची तक्रार राहत नाही. या काळात डॉक्टर सहसा पँटोप्राझोल किंवा ओमेप्राझोलसारखी आम्ल कमी करणारी गोळी सकाळी न्याहारीच्या अर्धा तास आधी, चार ते आठ आठवडे देतात. ती अस्तर बनवत नाही. नव्या पेशी तयार होत असताना त्यांच्यावर आम्लाचा मारा होऊ नये एवढी सोय ती करते.

खाण्याची पथ्ये लोकांना वाटतात तेवढी कडक नसतात. मुगाची खिचडी, भात, ताक, भाकरी, शिजवलेल्या भाज्या, जे टिकेल ते थोडे थोडे आणि वेळेवर खावे. मिरचीने जठरदाह होत नाही, पण सुजलेल्या अस्तराला ती झोंबते, म्हणून काही आठवडे कमी ठेवावी. दूध क्षणभर थंडावा देते, मात्र त्यातील प्रथिने आणि कॅल्शियम नंतर आम्ल वाढवतात. त्यामुळे दिवसभर नुसत्या दुधावर राहणे चुकीचे आहे. तंबाखू, मिश्री आणि सिगारेट यांनी भरून येणे लांबते. डोके दुखले तर आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेऊ नये. पॅरासिटामॉल जठराला चालते, पण दारूने थकलेल्या यकृतासाठी त्याची मात्रा डॉक्टरांना विचारूनच ठरवावी.

गोळी घेत पीत राहिले तर

आम्ल कमी करणारी गोळी रोज घेऊन दारू चालू ठेवणारे अनेक जण असतात. अशा वेळी गोळी जळजळ दाबते आणि माणसाला वाटते की पोट सांभाळले जात आहे. पण अल्कोहोलची पेशींवरील थेट इजा आणि रक्तवाहिन्यांवरील परिणाम यांना आम्लाची गरज नसते, त्यामुळे ते चालूच राहतात. दुरुस्तीचा हिशेबही साधा आहे. पृष्ठभाग पूर्ण नवा व्हायला तीन ते सहा दिवस लागतात आणि दारू दर चोवीस तासांनी येते. आदल्या दिवशी सरकून जागा झाकणाऱ्या पेशी दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा गळतात. पहिला टप्पा रोज सुरू होतो आणि तिसऱ्यापर्यंत काम कधी पोचतच नाही. प्रमाण निम्मे केल्याने इजा कमी होते हे खरे, पण भरून येण्यासाठी लागणारी सलग विश्रांती त्यातून मिळत नाही. म्हणून उपचाराच्या काळात दारू पूर्ण बंद असावी लागते. ज्याला व्यसन जडले आहे त्याच्या बाबतीत ही बंदी कायमची असते, कारण थोडी घेऊन थांबणे त्याच्या आवाक्यात राहिलेले नसते.

दारू सोडूनही त्रास राहिला तर

चार-सहा आठवडे दारू पूर्ण बंद असून मळमळ आणि दुखणे टिकून राहिले तर कारण दुसरे शोधावे लागते. भारतात त्यात सर्वांत आधी विचार होतो तो हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूचा. तो जठराच्या श्लेष्म्यात राहतो आणि दीर्घकालीन जठरदाह निर्माण करतो. त्याचा शोध लावणाऱ्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना २००५ मध्ये नोबेल पुरस्कार मिळाला. दारू पिणाऱ्यांत आढळणारी जुनाट सूज बऱ्याचदा या जिवाणूमुळे असते, त्यामुळे नुसती दारू सोडून ती जात नाही. श्वासाच्या, शौचाच्या किंवा दुर्बिणीतून घेतलेल्या तुकड्याच्या तपासणीत तो सापडतो. तपासणीपूर्वी आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या दोन आठवडे बंद ठेवाव्या लागतात, नाहीतर जिवाणू असूनही निकाल नकारात्मक येऊ शकतो. उपचारात साधारण १४ दिवस एकाहून अधिक प्रतिजैविके द्यावी लागतात. त्यांत मेट्रोनिडाझोल असेल तर दारूचा थेंबही चालत नाही.

सकाळच्या मळमळीमागे यकृताची सूज, स्वादुपिंडाचा आजार, मूत्रपिंडाचे विकार आणि स्त्रियांमध्ये गर्भधारणाही असू शकते. दारू पिण्याचा इतिहास आहे म्हणून प्रत्येक मळमळ दारूच्या खात्यावर टाकणे हीसुद्धा चूकच.

ताबडतोब रुग्णालयात जावे असे काही

लाल रक्ताची उलटी, कॉफीच्या चोथ्यासारखी काळपट उलटी किंवा डांबरासारखे काळे, चिकट, दुर्गंधीयुक्त शौच ही जठरात रक्तस्राव होत असल्याची चिन्हे आहेत. साधारण ५० मिलिलिटर रक्तही शौच काळे करायला पुरते. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळे होते, पण ते डांबरासारखे चिकट नसते. उभे राहिल्यावर चक्कर येणे, दिवसभर काहीच न टिकणे, पाठीत जाणारी तीव्र पोटदुखी, डोळे पिवळे होणे, भ्रम किंवा फिट यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नये. वजन उतरत जाणे, गिळताना अडकणे किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास यांसाठी दुर्बिणीची तपासणी टाळू नये.

वर्षानुवर्षे सूज राहिलेल्या जठरात ग्रंथी झिजतात आणि काही ठिकाणी अस्तर आतड्यासारखे बनते. हा बदल पूर्णपणे मागे फिरेलच असे नाही. त्यातून कर्करोगाचा धोका थोडा वाढतो, म्हणून अशा रुग्णांना ठरावीक काळाने पुन्हा तपासतात. बाकीच्यांचे अस्तर मात्र भरून आल्यावर पूर्वीसारखेच होते. ते पूर्वीपेक्षा बळकट मात्र होत नाही. नव्या पेशी दारूला तितक्याच कच्च्या असतात, आणि पिणे पुन्हा सुरू झाले तर पहिल्याच रात्रीपासून तीच इजा पुन्हा घडू लागते.